सोळा हजारांच्या दाव्याचे साडेतीन हजार: बडोद्यातल्या एका व्हेंडर रिव्ह्यूचं प्रकरण

मकरपुरा जी.आय.डी.सी. या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना पंपांचे सुटे भाग बनवतो. तीन पाळ्या चालतात आणि सगळं काम हवेवर आहे. क्लॅम्पिंग, सफाईच्या तोट्या, रंगकामाच्या गन, सगळ्यांना सात बार दाबाची हवा लागते. त्यासाठी ५५ किलोवॅटचे दोन स्क्रू कॉम्प्रेसर आहेत. दिवसा दोन्ही लागतात, रात्री एकावर भागतं. दोन्हींची देखभाल बडोद्यातल्याच एका छोट्या सर्व्हिस फर्मकडे आहे. करार सर्वसमावेशक, वर्षाला सहा लाख अधिक जी.एस.टी., म्हणजे दर तिमाहीला दीड लाखाचं बिल. एप्रिल ते जून या तिमाहीचा आढावा ८ जुलैला झाला आणि त्याचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं.

करारातल्या सेवेच्या अटी तीन होत्या. कॉल नोंदल्यापासून चार तासांत माणूस यंत्रापाशी पोहोचला पाहिजे, रात्र असो की सुट्टी. पोहोचला नाही तर प्रत्येक कॉलमागे दोन हजार. यंत्र बारा तासांत पूर्ववत चाललं पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक तासाला किंवा तासाच्या भागाला पाचशे. आणि प्रत्येक यंत्र महिन्याच्या एकूण तासांपैकी ९८ टक्के उपलब्ध असलं पाहिजे. त्यात प्रत्येक टक्का किंवा त्याचा भाग कमी पडला की तिमाही बिलाच्या दोन टक्के, म्हणजे तीन हजार. ठरवून केलेली देखभाल या हिशोबातून वगळायची, पण ४८ तास आधी मेंटेनन्स प्रमुखांना ई-मेल गेलेला असेल तरच. सगळी पेनल्टी मिळून तिमाही बिलाच्या दहा टक्क्यांवर, म्हणजे पंधरा हजारांवर जाणार नाही.

बैठकीला बसताना दोन्ही बाजूंकडे तयार कागद होता. सर्व्हिस फर्मच्या तक्त्यात नऊ कॉल, त्यातले आठ वेळेत, एक उशिरा. आमच्या खरेदी विभागाच्या तक्त्यात तेच कॉल सात होते, चार ठिकाणी करारभंग, पेनल्टी सोळा हजार, म्हणून मर्यादेत बसवून पंधरा हजार. शिवाय खाली एक ओळ होती: उत्पादनाचं नुकसान, एक लाख ऐंशी हजार. एकाच तिमाहीचे, त्याच दोन यंत्रांचे हे दोन तक्ते. कोणी खोटं लिहिलं नव्हतं. फक्त प्रत्येकाचं घड्याळ वेगळ्या वेळी चालू होत होतं आणि वेगळ्या वेळी थांबत होतं. इतिवृत्तात पेनल्टीचा आकडा लिहिण्याआधी ही घड्याळं जुळवावी लागली, आणि बैठकीचा बहुतेक वेळ त्यातच गेला.

पहिला वाद १९ एप्रिलच्या रात्रीचा. पहिल्या क्रमांकाचा कॉम्प्रेसर लोड घेत नव्हता. रात्री ११:४० ला आमच्या ऑपरेटरने सर्व्हिस इंजिनिअरच्या मोबाइलवर फोन केला, लॉगबुकात वेळ लिहिली आणि दुसरं यंत्र चालू करून पाळी काढली. इंजिनिअर म्हणाला, सकाळी येतो. सकाळी ९:१० ला आमच्या स्टोअरने फर्मच्या हेल्पडेस्कला ई-मेल केला, ११:०० वाजता माणूस आला आणि सोलेनॉइड व्हॉल्वचं निसटलेलं कनेक्शन बसवून ११:२५ ला यंत्र चालू करून गेला. आमच्या हिशोबाने पोहोचायला अकरा तास वीस मिनिटं लागली. त्यांच्या हिशोबाने एक तास पन्नास मिनिटं.

मेंटेनन्स प्रमुख चिडलेच. ते आणि फर्मचे सेवाप्रमुख दोघेही मराठी, एक दांडिया बाजारातले, दुसरे रावपुऱ्यातले. बैठकीची गाडी गुजरातीवरून घसरली की थेट मराठीवर यायची.

"अहो, फोन उचलला ना तुमच्या माणसाने? मग कॉल झाला की नाही?"

"उचलला, साहेब. नाही कुठे म्हणतोय? पण करार काढा. कॉल कशाला म्हणायचं ते तिथे लिहिलंय."

करार काढला. कलम स्पष्ट होतं: कॉल म्हणजे हेल्पडेस्कच्या नंबरवर किंवा ई-मेल पत्त्यावर नोंदवलेली तक्रार, आणि वेळ तिथल्या नोंदीपासून. इंजिनिअरच्या खाजगी मोबाइलचा कुठे उल्लेख नाही. अडचण अशी की रात्री दहानंतर हेल्पडेस्कचा नंबर कोणी उचलत नाही, हे ऑपरेटरला अनुभवाने ठाऊक होतं, म्हणून तो मोबाइलवरच फोन करायचा. सेवाप्रमुखांनीही ते नाकारलं नाही. पण त्या रात्री हेल्पडेस्कला फोन केला आणि उचलला नाही, अशी नोंद आमच्याकडे नव्हती. तशी एक ओळ लॉगबुकात असती तर दोन हजार लागू झाले असते. ती नव्हती, म्हणून मी लिहिलं: "कराराच्या व्याख्येनुसार करारभंग सिद्ध नाही, पेनल्टी नाही. रात्री हेल्पडेस्क उपलब्ध नसल्याचं फर्मने मान्य केलं. त्यावरची कृती खाली." आपल्याच बाजूचा मुद्दा आपल्याच हाताने खोडायला खरेदी विभागाला जड गेलं. पण इतिवृत्तावर समोरच्याची सही हवी असेल, तर त्यातली एक ओळही अशी नको की जिच्या आधारे तो बाकीचा कागद बाजूला सारेल.

दुसरा वाद मोठा. १४ मे, बाहेर पारा त्रेचाळिसावर. दुपारी २:०५ ला दुसऱ्या क्रमांकाच्या कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या हवेचं, म्हणजे डिस्चार्जचं, तापमान ११० अंशांवर गेलं आणि तो आपोआप बंद पडला, म्हणजे ट्रिप झाला. इंजिनिअर चार तासांच्या आत आला, कूलरवर बाहेरून हवा मारली, रीसेट केलं आणि ५:४५ ला कॉल बंद केला. ७:१० ला पुन्हा ट्रिप. नवा कॉल, पुन्हा रीसेट, रात्री १०:३० ला बंद. रात्रभर यंत्र अर्ध्या भारावर चाललं. दुसऱ्या दिवशी ११:५० ला भार वाढला आणि तिसऱ्यांदा ट्रिप. तेव्हा कूलर उतरवून आतून धुतला, तेलाच्या वाटेवरचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व उघडला. त्याचा एलिमेंट अर्धवट अडकलेला होता, म्हणजे गरम तेलाचा काही भाग कूलरकडे न जाता तसाच परत फिरत होता. एलिमेंट बदलला आणि संध्याकाळी ७:१५ ला यंत्र नीट चालू झालं.

फर्मच्या तक्त्यात हे तीन कॉल: तीन तास चाळीस मिनिटं, तीन तास वीस मिनिटं, सात तास पंचवीस मिनिटं. तिन्ही बारा तासांच्या आत, तिन्ही हिरवे. आमच्या तक्त्यात एकच बिघाड: एकोणतीस तास दहा मिनिटं. बारा वजा केले की सतरा तास दहा मिनिटं, म्हणजे अठरा तासांचे नऊ हजार.

तीन कॉल की एक बिघाड, हे ठरवायला कंट्रोलरची आठवण उपयोगी पडली. स्क्रू कॉम्प्रेसरचा कंट्रोलर प्रत्येक ट्रिपचा कोड, वेळ आणि त्या क्षणीचं तापमान साठवून ठेवतो. तिन्ही वेळा कोड एकच होता. पहिल्या दोन सर्व्हिस रिपोर्टांत कारणाच्या रकान्यात फक्त "रीसेट केले" लिहिलं होतं. कारण शोधलंच नाही तर बिघाड गेला कसा म्हणायचा? सेवाप्रमुखांनी ते फारसं ताणलं नाही. पण त्यांनी दुसरा मुद्दा काढला, आणि तो बरोबर होता. या एकोणतीस तासांत यंत्र मधे चौदा तास पंचेचाळीस मिनिटं चाललं होतं. "उपलब्धतेचा टक्का काढताना तुम्ही हे तास चालू धरता, मग दुरुस्तीच्या हिशोबात तेच बंद कसे?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. प्रत्यक्ष बंद तास चौदा तास पंचवीस मिनिटं. बारा वर दोन तास पंचवीस, म्हणजे तीन तासांचे पंधराशे रुपये. यावर दोन्ही बाजू राजी झाल्या.

राजी होण्याआधी मात्र अर्धा तास वेगळाच वाद झाला, आणि या प्रकरणातला मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटलेला भाग तोच. फर्मचं म्हणणं होतं की यंत्र तापलं ते तुमच्या खोलीमुळे. कॉम्प्रेसरच्या खोलीतला गरम हवा बाहेर नेणारा डक्ट मार्चमध्ये पत्र्याच्या कामासाठी काढला आणि पुन्हा बसवलाच नाही. गरम हवा खोलीतच फिरत होती. १४ मेला खोलीत ४९ अंश होते, आणि यंत्राच्या पुस्तिकेत भोवतालच्या हवेची मर्यादा ४५ आहे. मग करारभंग आमचा कसा? ही तक्रार खरी होती. डक्ट खरोखरच भिंतीला टेकून उभा होता.

तेव्हा मेंटेनन्स प्रमुखांनी ऑपरेटरचं रोजचं लॉगशीट मागवलं. त्यात दर दोन तासांनी खोलीचं तापमान आणि डिस्चार्ज तापमान शेजारी शेजारी लिहिलेलं असतं. ३ एप्रिलला पूर्ण भारावर खोली ३६, डिस्चार्ज ८२. फरक ४६ अंशांचा. कूलर स्वच्छ असेल आणि भार तोच असेल, तर हा फरक साधारण तेवढाच राहतो. खोली जेवढी तापते तेवढंच डिस्चार्ज वर सरकतं. त्या हिशोबाने ४९ अंशांच्या खोलीत यंत्र ९५ च्या आसपास चालायला हवं होतं. ते गेलं ११० वर. फरक ६१. म्हणजे ८२ वरून ११० पर्यंत जे अठ्ठावीस अंश वाढले, त्यातले तेरा खोलीचे आणि पंधरा यंत्राच्या आतले, चोंदलेल्या कूलरचे आणि अडकलेल्या व्हॉल्वचे. नुसत्या खोलीने यंत्र ट्रिप झालं नसतं. आणि एप्रिलच्या शेवटापासून हा फरक ५०, ५३, ५६ असा चढत होता, तो लॉगशीटवर कोणीही पाहू शकलं असतं. फर्मचा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला नियमित भेटीचा रिपोर्ट होता, त्यावर "तापमान ठीक" अशी नोंद होती. सेवाप्रमुखांनी तो कागद बघितला आणि पुढे काही बोलले नाहीत.

लॉगशीट भरणारे पुष्कळ असतात, त्यातली वजाबाकी करणारे थोडे. दोन आकड्यांतला फरक एका रकान्यात लिहिला तर कूलर चोंदतोय हे ट्रिप व्हायच्या दोन आठवडे आधी दिसतं.

इतिवृत्तात हा भाग मी एका वाक्यात बसवला नाही. करारभंग फर्मचा, हे लिहिलं. खोलीचं तापमान पुस्तिकेच्या मर्यादेपेक्षा चार अंश जास्त होतं आणि त्याची जबाबदारी कारखान्याची, हेही लिहिलं. आपलं खरकटं लपवून दुसऱ्याची थाळी दाखवली की पुढच्या आढाव्यात समोरचा पहिला प्रश्न डक्टचाच विचारणार.

जूनमधले दोन प्रसंग लवकर मिटले. २७ जूनला सकाळी ६:३० ला पहिल्या यंत्राचा कॉल नोंदला, इंजिनिअर दुसऱ्या ग्राहकाकडे हालोलला होता, तो १२:४० ला पोहोचला. सहा तास दहा मिनिटं. १:५० ला यंत्र चालू. इथे वाद झाला नाही, कारण त्या दिवशीच्या पाळीप्रमुखाने सर्व्हिस रिपोर्टवर सही करण्याआधी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: "पोहोचायला ६ तास १० मि. करारातले हक्क राखून काम स्वीकारले." हे वाक्य मेंटेनन्स प्रमुखांनी सगळ्या पाळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ५५ मध्ये असं आहे की जिथे वेळ हाच कराराचा गाभा आहे, तिथे उशिरा झालेलं काम स्वीकारलं आणि स्वीकारतानाच भरपाई मागण्याचा इरादा कळवला नाही, तर नंतर ती मागता येत नाही. आमच्या करारात वेळ तशी गाभ्याची ठरेल की नाही यावर वकील भांडू शकतील. पण रिपोर्टवर नुसतं "काम समाधानकारक" लिहून सही ठोकायची आणि तीन महिन्यांनी पेनल्टी लावायची, यापेक्षा ती एक ओळ लिहिणं कधीही सोपं. दोन हजार मान्य झाले.

दुसरा प्रसंग ११ जूनचा. पहिल्या यंत्राचा ऑइल सेपरेटर, म्हणजे हवेतलं तेल वेगळं काढणारा भाग, बदलायला आला होता, त्याच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक ०.८ बारपर्यंत चढलेला. काम योग्य, वेळ योग्य, नऊ तासांत झालं. पण ४८ तासांचा ई-मेल नव्हता, आदल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता पाळीप्रमुखाला व्हॉट्सअॅप होता. त्यामुळे हे नऊ तास देखभालीत वगळता येईनात. २७ जूनचे सात तास वीस मिनिटं धरून जूनच्या ७२० तासांपैकी सोळा तास वीस मिनिटं यंत्र बंद, उपलब्धता ९७.७३. नऊ तास वगळले तर ९८.९८. एक ई-मेल गेला असता तर हा करारभंग झालाच नसता. फर्मने पाळीप्रमुखाने सही केलेलं वर्क परमिट पुढे केलं. आम्ही म्हटलं, परमिट सुरक्षेचं आहे, पूर्वसूचनेचं नाही. पण काम यंत्राच्या भल्याचं होतं आणि आमच्या माणसाने दार उघडून दिलं होतं, हेही खरं. शेवटी करारभंग नोंदला आणि तीन हजारांची पेनल्टी या एकदाच माफ केली. माफीचं कारण लिहिलं आणि पुढे जोडलं: "ही सवलत याच प्रसंगापुरती. पूर्वसूचनेची अट यापुढे जशीच्या तशी लागू राहील." हे दुसरं वाक्य गाळलं तर पुढच्या वेळी समोरचा म्हणतो, मागे तुम्हीच सोडलं होतं.

सोळा हजारांचे असे साडेतीन हजार झाले. खरेदी प्रमुखांना ते पचेना. त्यांनी एक लाख ऐंशी हजारांच्या नुकसानीची ओळ पुन्हा वर आणली. पण करारात भरपाईची रक्कम ठरलेली असली की करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मिळते ती वाजवी भरपाई, आणि ती ठरलेल्या रकमेच्या वर जात नाही. आकडा लिहिलेला आहे म्हणून तो सगळाच मिळेल असंही नाही. नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात म्हटलं आहे. म्हणजे पंधरा हजारांची मर्यादा आपणच सही करून घातली आहे, तिच्या पलीकडचा दावा इतिवृत्तात लिहून उपयोग नाही, उलट कागद हलका होतो. ती ओळ "चर्चा झाली, दावा केला नाही" अशी नोंदवली. पुढच्या करारात मर्यादा वाढवायची का, ते नूतनीकरणाच्या वेळी बघायचं.

दुसरी सूचना आली ती सगळं बिल रोखून धरण्याची. इथे मात्र जपायला हवं होतं. ही फर्म उद्यम नोंदणी असलेली, सूक्ष्म उद्योगात बसणारी. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या एम.एस.एम.ई.डी. कायदा २००६ प्रमाणे अशा पुरवठादाराचं काम झाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर काम स्वीकारलं असं मानलं जातं. आणि लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत पंचेचाळीस दिवसांच्या पुढे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. साडेतीन हजारांसाठी दीड लाख अडकवणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा. तिमाही ३० जूनला संपली, म्हणून हरकतीचं पत्र १५ जुलैच्या आत जायला हवं होतं. आढावा ८ तारखेला ठेवण्याचं खरं कारण हेच. बऱ्याच ठिकाणी तिमाही आढावा महिनाअखेरीला होतो आणि तोवर ही मुदत निघून गेलेली असते.

पेनल्टी कापायची कशी यावर लेखा विभागाचा प्रश्न होता, की आपण फर्मला जी.एस.टी.चं बिल द्यायचं का. नाही. करारभंगाची भरपाई ही स्वतः काही सेवा नाही, तिच्यावर जी.एस.टी. लागत नाही, हे ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाने स्पष्ट केलं आहे. फर्मचं बिल पूर्ण रकमेचं आणि पूर्ण कराचंच राहिलं, पैसे देताना साडेतीन हजार कमी दिले आणि पत्रात इतिवृत्ताचा क्रमांक टाकला.

आता सुधारणांच्या हमीचा भाग. सेवाप्रमुखांनी सुरुवातीला जे सांगितलं ते असं होतं: "कूलर स्वच्छ ठेवू, स्पेअर लवकरात लवकर आणू, रात्रीच्या कॉलकडे लक्ष देऊ." हे जसंच्या तसं लिहिलं असतं तर पुढच्या आढाव्यात दोघांनाही आपापलं खरं करता आलं असतं. म्हणून प्रत्येक हमीला मी तीन प्रश्न विचारले: कोणत्या तारखेपर्यंत, झालं हे कशावरून ओळखायचं, आणि ते कोणाच्या हातातलं आहे. कूलरची नोंद शेवटी अशी झाली:

"दोन्ही यंत्रांचे कूलर उतरवून आतून धुणे. जबाबदारी: फर्मचे सेवाप्रमुख. तारीख: २० जुलै. पुरावा: धुतल्यानंतर सलग तीन दिवस, पूर्ण भारावर, डिस्चार्ज आणि खोलीच्या तापमानातला फरक ५० अंशांच्या आत. नोंद ऑपरेटर करेल, फर्म पडताळेल. यंत्र थांबवण्याची पूर्वसूचना: ४८ तास आधी, ई-मेलने."

पुराव्यात डिस्चार्जचं नुसतं तापमान न घेता फरक घेतला, त्याला कारण होतं. डक्ट बसवणं आमच्याकडे होतं आणि ते २० जुलैपर्यंत होईल याची कोणी खात्री देत नव्हतं. नुसतं तापमान मागितलं असतं तर फर्म म्हणाली असती, आधी तुमचा डक्ट बसवा. फरक मोजला की खोली कितीही तापली तरी त्यांचं काम त्यांच्या नावे आणि आमचं आमच्या नावे दिसतं. एकाची तारीख दुसऱ्याच्या तारखेला टांगून ठेवली की दोन्ही लोंबकळत राहतात.

स्पेअरच्या बाबतीत घासाघीस झाली. थर्मोस्टॅटिक व्हॉल्वचा एलिमेंट आणि एक सेपरेटर बडोद्यातच साठ्यात ठेवायचा, इथपर्यंत सहमती होती. आम्हाला ३१ जुलै हवी होती. माल पुण्याहून यायचा, दोन आठवडे लागतात, शिवाय ऑर्डर अजून टाकायची होती, म्हणून त्यांनी १५ ऑगस्ट मागितली. मी त्यांचीच तारीख लिहिली, कारण बळेच घेतलेली तारीख पाळली जात नाही. पण मधे एक टप्पा घातला: ऑर्डरची प्रत १५ जुलैपर्यंत आमच्याकडे. पाच आठवड्यांनी "माल निघालाय" ऐकण्यापेक्षा ऑर्डर गेली की नाही हे आठवड्यात कळलेलं बरं.

रात्रीच्या कॉलसाठी एकच नंबर, चोवीस तास उचलला जाणारा, १५ जुलैपासून. पुरावा म्हणून महिन्यातून एकदा न सांगता रात्री फोन करून बघायचा. त्याचबरोबर आमच्या ऑपरेटरला सांगितलं की इंजिनिअरला मोबाइलवर फोन करायला हरकत नाही, पण आधी या नंबरवर. आणि कोणी उचललं नाही तर तेवढी ओळ वेळेसकट लॉगबुकात.

आमच्या नावावर डक्ट, तारीख ३१ जुलै. कारखान्याच्या बांधकाम विभागाचं नाव पुरवठादाराच्या इतिवृत्तात घालायला थोडा विरोध झाला. मेंटेनन्स प्रमुखांनी तो मोडून काढला.

शेवटचा मुद्दा एकाच बिघाडाच्या व्याख्येचा. एकाच यंत्रावर तोच कोड ७२ तासांच्या आत पुन्हा आला तर तो एकच बिघाड धरायचा आणि फक्त बंद तास मोजायचे, असं ठरलं. पण हे इतिवृत्तात लिहून लागू होत नाही. करारात बदल दोन्ही बाजूंच्या सहीच्या दुरुस्तीपत्रानेच होतो, असं कलम करारातच होतं. म्हणून इतिवृत्तात "सहमती झाली, दुरुस्तीपत्र २५ जुलैपर्यंत, तोवर जुनी व्याख्या" असं लिहिलं. पुष्कळ इतिवृत्तांत ठराव म्हणून नवीन अटी लिहिलेल्या असतात आणि पुढच्या वादात त्या कोणी मानत नाही, त्याचं कारण हेच.

मसुदा ९ तारखेला दोन्हीकडे गेला, हरकतीला तीन कामाचे दिवस. फर्मने दोन दुरुस्त्या सुचवल्या. एकीत वेळ चुकली होती, ती घेतली. दुसरीत "फर्मने मान्य केलं" याऐवजी "फर्मने नोंद घेतली" हवं होतं, ते रात्रीच्या हेल्पडेस्कबद्दल. ते घेतलं नाही. बैठकीत ते मान्यच झालं होतं आणि कृती त्यावरच उभी होती. त्यांनी त्यावर टीप जोडून सही केली, जे त्यांना करता येतं. १४ जुलैला हरकतीचं पत्र आणि सही झालेलं इतिवृत्त एकत्र गेलं.

पुढचं थोडक्यात. कूलर १८ जुलैला धुतले गेले. पहिल्या यंत्राचा फरक तीन दिवस ४६, ४७, ४६ आणि दुसऱ्याचा ४८, ४७, ४८, म्हणून दोन्ही यंत्रांची ही नोंद बंद केली. ऑर्डरची प्रत वेळेत आली, माल मात्र २१ ऑगस्टला, सहा दिवस उशिरा. त्याला पेनल्टी नाही, कारण करारात साठ्याची अटच नाही, पण उशीर नोंदला. दुरुस्तीपत्रावर २४ जुलैला सह्या झाल्या. रात्रीच्या नंबरवर ऑगस्टमध्ये केलेला फोन दुसऱ्या वेळी उचलला गेला, म्हणून ती नोंद अजून उघडी ठेवली आहे.

आणि डक्ट ३१ जुलैला बसला नाही. पावसाचं कारण सांगून तो ९ ऑगस्टला बसला. ऑक्टोबरच्या आढाव्यात नऊ दिवसांचा तो उशीर आमच्या नावापुढे लिहिला गेला, फर्मच्या सहा दिवसांच्या ओळीच्या अगदी वर. सेवाप्रमुखांनी तो मोठ्याने वाचून दाखवला, आणि मेंटेनन्स प्रमुखांनी नवी तारीख नव्हे, तर पुढच्या वेळी डक्ट काढायचा असेल तर आधी कोणाची परवानगी लागेल, हे लिहायला सांगितलं.